फोटोवरची तारीख पुसायची कशी, आणि थांबायचे कुठे?

जुन्या अल्बममधला एखादा फोटो मोबाइलवर उतरवून घेतला, की नजर आधी कोपऱ्यातल्या नारिंगी आकड्यांवर जाते. आजी ओट्यावर बसलेली, बाजूला नातवंडे, मागे तुळशीवृंदावन आणि खाली उजवीकडे ठळकपणे चमकणारी तारीख. हा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा तर ती तारीख नको असते. मोफत अ‍ॅपमध्ये बोट फिरवले की आकडे गायब होतात, असे दाखवणारे व्हिडीओ भरपूर आहेत. तसे करून पाहणाऱ्या अनेकांना मात्र वेगळा अनुभव येतो. आकडे जातात, पण त्यांच्या जागी एक धूसर डाग राहतो, फरशीची रेघ मधेच वाकते किंवा लुगड्याचा काठ विरघळल्यासारखा दिसतो.

यात अ‍ॅप फसवे असते असे नाही. त्याची एक मर्यादा असते आणि ती ओळखून काम केले तर घरगुती वापरापुरता निकाल नक्की मिळतो. त्यासाठी अ‍ॅप नेमके काय करते, बोट किती जाड असते आणि कोणता आकडा पुसण्यापेक्षा तसाच ठेवलेला बरा, या तीन गोष्टी कळायला हव्यात. उदाहरणादाखल स्नॅपसीड हे मोफत अ‍ॅप आणि १९९८च्या मे महिन्यातला एक फोटो घेऊ.

आकड्यांखाली मूळ चित्र असते का?

नसते. सगळ्या गोष्टी या एका उत्तरावर उभ्या आहेत. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यांपैकी काहींच्या पाठीमागच्या झाकणात घड्याळ असे. फोटो काढला की त्यातले बारीक दिवे लागत आणि आकडे थेट फिल्मवर उमटत. म्हणजे तारीख कागदावर नंतर छापलेली नाही, ती निगेटिव्हमध्येच आहे. जपून ठेवलेली निगेटिव्ह सापडली आणि तिच्यावरून नवी प्रत काढली, तरी तारीख तिच्यावरही येणारच. त्या जागी फरशी कशी होती याची नोंद नारिंगी प्रकाशाखाली बुडून गेलेली असते.

डिजिटल कॅमेऱ्याने किंवा फोनने फोटोवर उमटवलेल्या तारखेचे आणि फोनच्या नावाचेही तसेच आहे. त्या ओळी चित्राच्या ठिपक्यांमध्ये मिसळलेल्या असतात. पाटीवरचे अक्षर पुसले की खालची पाटी दिसते, तसे इथे काही घडत नाही. ‘पुसणे’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. खरे काम रफूचे आहे. फाटलेल्या जागी आजूबाजूचा धागा ओढून घेऊन वीण पुरी करायची आणि ती मूळ कापडासारखी दिसेल अशी काळजी घ्यायची.

मग रिकामी जागा भरली कशाने जाते?

आजूबाजूच्या चित्राने. जुन्या तैलचित्रांचे रंग उडालेले भाग कलादुरुस्ती करणारे तज्ज्ञ भोवतालच्या रंगरेषा पाहून भरून काढतात. तेच काम संगणकाने करावे यासाठीचा एक महत्त्वाचा शोधनिबंध मार्सेलो बर्टाल्मियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडला. छायाचित्रावर छापलेली अक्षरे काढून टाकणे हे त्या निबंधातल्या उदाहरणांपैकी एक होते. त्यांची पद्धत अशी, की रिकाम्या जागेच्या कडेला येऊन थांबलेल्या रेषा आणि रंग हळूहळू आत ओढत न्यायचे. पुढे दुसरी पद्धत रुळली. तिच्यात रिकाम्या जागेच्या कडेशी जुळणारा तुकडा त्याच फोटोत इतरत्र शोधून तिथे बसवला जातो.

पद्धत कोणतीही असो, सामान्य वापरणाऱ्यासाठी तात्पर्य एकच. भरणीचा माल फोटोतूनच येतो, आणि बहुतेक वेळा जवळपासच्या भागातून. त्यामुळे पुसायची जागा अरुंद असेल आणि भोवती एकसारखा पृष्ठभाग असेल तर ठिगळ लपते. जागा रुंद असेल, किंवा तिच्या एका बाजूला फरशी आणि दुसऱ्या बाजूला काठ असेल, तर अ‍ॅपला अंदाज करावा लागतो. तो अंदाज चुकला की आपल्याला डाग दिसतो.

बोट किती जाड पडते?

आता मर्यादेचा दुसरा भाग. आपला फोटो सहा इंच रुंद आणि चार इंच उंच आहे. तो फोनने उतरवून घेतला तेव्हा त्याची रुंदी सुमारे ४००० ठिपके भरली. कागदावर तारखेची पूर्ण ओळ दीड सेंटिमीटरची आहे, म्हणजे ती साधारण ४०० ठिपक्यांत बसते. एका आकड्याची उंची ८० ठिपके आणि त्याच्या रेषेची जाडी जेमतेम १३ ठिपके.

फोनचा पडदा सात सेंटिमीटर रुंद धरला, तर त्यावर पूर्ण फोटो दिसत असताना ही सगळी तारीख अवघी सात मिलिमीटर भरते. बोटाचा ठसा त्याहून मोठा असतो. अ‍ॅपचा ब्रश बोटापेक्षा बारीक, समजा पाच मिलिमीटरचा धरला, तरी एका स्पर्शात तारखेचा पाऊण भाग आणि तिच्या वर-खालची भरपूर फरशी त्याखाली येते. ‘मी फक्त एक आकडा पुसला आणि सगळेच बिघडले’ ही तक्रार इथून येते.

स्नॅपसीडमधल्या Healing या साधनात ब्रश लहान-मोठा करण्याची पट्टी नाही. ब्रश बारीक करण्याचा एकच मार्ग म्हणजे दोन बोटांनी फोटो मोठा करणे. ब्रश पडद्यावर तेवढाच राहतो, पण त्याखाली येणारा चित्राचा भाग कमी होतो. वरचाच फोटो आठपट मोठा केला तर एक आकडा सुमारे ११ मिलिमीटर उंच दिसतो आणि त्याची रेष सुमारे दोन मिलिमीटर जाड. ब्रश मात्र पाच मिलिमीटरचाच. म्हणजे इतके मोठे करूनही ब्रश रेषेच्या दुपटीहून जाड राहिला. मोफत अ‍ॅपची अचूकता ती एवढीच. टाचणीच्या टोकाने करायचे काम इथे पेन्सिलीच्या बोथट टोकाने करायचे असते.

सुरुवात कुठून करावी?

चांगल्या प्रतीपासून. कागदी फोटो खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि फोन फोटोला समांतर धरून छायाचित्र घ्यावे. कागदावर प्रकाशाची चकाकी आली तर तो दुसरा डाग ठरतो. नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत शक्यतो वापरू नये. पाठवताना फोटो आकसतो आणि दाबला जातो. त्यात ठळक अक्षरांच्या कडेने बारीक कचऱ्यासारखे ठिपके तयार होतात. अक्षर पुसले तरी त्याची सावली मागे राहते ती या ठिपक्यांमुळे. ज्यांच्याकडे मूळ फोटो आहे त्यांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले, की तो न दाबता येतो.

फोटो अ‍ॅपमध्ये उघडल्यावर Tools मधून Healing निवडायचे. दोन बोटांनी फोटो मोठा केला की कोपऱ्यात एक छोटा नकाशा दिसतो. आपण फोटोच्या कोणत्या भागात आहोत हे त्यावरून कळते. एका बोटाने रंगवले की लाल छटा उमटते आणि बोट उचलले की तेवढी जागा भरली जाते. बोट उचलेपर्यंत भरणी होत नाही, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचाच उपयोग होणार आहे. निकाल पसंत नसेल तर खाली मागे नेणारा बाण आहे. शेवटी बरोबरची खूण दाबली की बदल लागू होतात. आवृत्ती बदलली की बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे होतात, कामाचा क्रम मात्र हाच राहतो.

आपल्या फोटोवरचे आकडे आहेत '98 5 17, म्हणजे १७ मे १९९८. यातले '98 शहाबादी फरशीच्या साध्या भागावर आहे. 5 हा आकडा बरोबर दोन फरशांच्या सांध्यावर पडला आहे. 17 मात्र आजीच्या लुगड्याच्या काठावर आहे. एकाच ओळीतले आकडे, पण तिन्हींचे काम वेगळे.

साध्या फरशीवरचे '98 कसे काढावे?

हा सोपा भाग. तरीही इथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे रेषेच्या अगदी कडेकडेने, जपून रंगवणे. फिल्मवर उमटलेल्या आकड्यांभोवती नारिंगी झळाळी पसरलेली असते. डोळ्याला ती पटकन दिसत नाही. आपण फक्त आकडा झाकला आणि झळाळी बाहेर राहिली, तर अ‍ॅप भरणीसाठी नेमकी तीच झळाळी उचलते. परिणाम म्हणजे आकड्याच्या आकाराचा तांबूस ओरखडा. म्हणून रंगवताना आकड्याच्या चारही बाजूंनी थोडी मोकळी फरशी दिसेपर्यंत बाहेर जावे. साध्या पृष्ठभागावर थोडे जास्त झाकले तर बिघडत नाही. कमी झाकले तर बिघडते.

दुसरी चूक म्हणजे एकेक आकडा सुटा पुसणे. आधी 9 पुसला आणि शेजारी 8 तसाच असेल, तर 9च्या जागी 8चा एखादा तुकडा येऊन बसण्याची शक्यता असते, कारण अ‍ॅपच्या दृष्टीने तोही जवळचाच माल. बोट उचलेपर्यंत भरणी होत नाही, याचा उपयोग इथे करायचा. फोटो चारपट मोठा करावा, वरच्या अपॉस्ट्रॉफीपासून सुरुवात करून 9 आणि 8 दोन्ही पूर्ण झाकले जाईपर्यंत बोट उचलू नये. आता भोवती फक्त फरशी उरते आणि भरणीही फरशीचीच होते. पहिल्या फटक्यात फिकट ठसा राहिला तर मागे जाऊन पुन्हा रंगवावे. ठशावरच वरून पुन्हापुन्हा घासत राहिले, तर दर वेळी ठिगळावर ठिगळ चढते आणि फरशीचा खरखरीतपणा नाहीसा होऊन तिथे साबण लावल्यासारखा गुळगुळीत पट्टा तयार होतो.

सांध्यावरचा 5 कसा काढावा?

इथे रेष सांभाळायची आहे. फरशांमधला काळसर सांधा 5च्या मधल्या भागातून आडवा जातो. 5 एकाच फटक्यात झाकला तर अ‍ॅप त्या जागी नुसती फरशी भरण्याची शक्यता असते. मग सांधा मधेच तुटतो आणि फोटो पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडकते. तुटलेली सरळ रेष माणसाच्या डोळ्याला डागापेक्षा लवकर दिसते.

म्हणून काम तीन तुकड्यांत करावे. फोटो आठपट मोठा करावा. आधी सांध्याच्या वरचा 5चा भाग झाकावा आणि बोट सांध्यापर्यंत न नेता थोडे अलीकडे उचलावे. मग सांध्याच्या खालचा भाग तसाच. आता फक्त सांध्यावरचे छोटे नारिंगी ठिपके उरतात. शेवटच्या फटक्यात बोट सांध्याच्या दिशेनेच, आडवे फिरवावे आणि तो फटका ठिपक्यांच्या दोन्ही बाजूंना थोडाच पुढे न्यावा. रेष दोन्हीकडे शिल्लक आहे आणि मधली फट अरुंद आहे, अशा स्थितीत अ‍ॅपला ती जोडणे सोपे जाते. हे तीन-चार वेळा मागेपुढे करावे लागते. दर वेळी बोट किंचित वेगळ्या ठिकाणाहून सुरू केले की निकालही वेगळा येतो. त्यातला बरा तो ठेवायचा.

दोन-चार प्रयत्नांनंतरही सांधा किंचित वाकडा दिसत असेल तर आठपट मोठ्या चित्रावर त्याचा निर्णय करू नये. फोटो पुन्हा पडद्याभर करून पाहावा. आठपट असताना खटकणारी कितीतरी गोष्ट नेहमीच्या आकारात दिसतही नाही.

काठावरच्या 17 चे काय करायचे?

इथेच बहुतेक फोटो बिघडतात. काठावर नक्षी आहे, ती ठरावीक अंतराने पुन्हा येते, शिवाय लुगड्याच्या घडीबरोबर वळते. 17च्या खाली नक्षीतले नेमके कोणते फूल होते हे अ‍ॅपला ठाऊक नाही. ते शेजारचा तुकडा आणून बसवते, पण घडीचे वळण त्याच्याशी जुळत नाही. त्यात ब्रश रेषेच्या दुपटीहून जाड, त्यामुळे आकड्याबरोबर चांगली नक्षीही जाते. दोन फटक्यांत काठाचा चिखल होतो. मग तो सावरण्यासाठी आणखी फटके, आणि चिखल आजीच्या पावलापर्यंत पसरतो.

अशा वेळी तीन पर्याय असतात. पहिला, Crop वापरून तो कोपराच कापणे. आकडे अगदी कडेला असतील तर याहून स्वच्छ उपाय नाही. पण आपल्या फोटोत तसे केले तर आजीची पावले कापली जातात, म्हणून तो बाद.

दुसरा पर्याय, आकडे पुसायचे नाहीत, त्यांचा भडकपणा उतरवायचा. स्नॅपसीडमध्ये Selective नावाचे साधन आहे. आकड्यावर टेकवून एक बिंदू ठेवला, दोन बोटांनी त्याचे वर्तुळ लहान केले आणि Saturation व Brightness कमी केले, की नारिंगी आकडा मळकट करडा होतो. आकडा वाचता येतो, पण फोटो पाहताना नजर त्याच्याकडे ओढली जात नाही. काठाची नक्षी शाबूत राहते. याचीही मर्यादा आहे. हे साधन बिंदूखालच्या रंगासारखे रंग निवडते. काठाला सोनेरी जर असेल तर ती नारिंगीच्या जवळची असल्याने तिचाही झगमगाट थोडा उतरतो. म्हणून वर्तुळ शक्य तितके लहान ठेवावे आणि 1 व 7 यांना स्वतंत्र बिंदू द्यावेत.

तिसरा पर्याय म्हणजे 17 तसेच सोडणे. तो हार मानल्यासारखा वाटतो, पण अनेकदा तोच योग्य असतो. चेहरा, हात, दागिने आणि विणलेले कापड यांवरून जाणारे अक्षर या अ‍ॅपने पुसायला घेऊ नये, असे सरसकट सांगायला हरकत नाही. चेहऱ्यावरची चूक तर भरून येत नाही. भुवईचा कोपरा किंवा ओठाची कड अ‍ॅपने अंदाजाने भरली, की माणूस किंचित वेगळा दिसू लागतो. हयात नसलेल्या माणसाचा घरात तेवढा एकच फोटो असेल, तर त्या किंचित फरकाची किंमत मोठी आहे. असा फोटो हाताने दुरुस्ती करणाऱ्या कसबी माणसाकडे न्यावा. तो संगणकावर दोन-दोन ठिपक्यांचा ब्रश वापरू शकतो, आणि त्याच लुगड्यातला अचूक जुळणारा तुकडा स्वतः निवडून आणू शकतो. आपल्या अ‍ॅपमध्ये माल कुठून उचलायचा हे आपल्याला ठरवता येत नाही. खरा फरक हा आहे.

ठिगळ दिसते की नाही, हे कसे तपासावे?

काम झाल्यावर मुख्य पडद्यावर फोटोवर बोट दाबून धरले की मूळ फोटो दिसतो आणि सोडले की बदललेला. दोन-तीनदा असे केल्यावर कुठे काय हलले ते लगेच कळते. त्यानंतर तीन खुणा शोधाव्यात. एकच डाग किंवा एकच खडा शेजारीशेजारी दोनदा दिसतो का, म्हणजे तुकडा नकलून आणला आहे का? जुन्या फोटोत सगळीकडे बारीक रवा असतो, तो एखाद्या जागी नाहीसा झाला आहे का? आणि सरळ रेषा सरळच आहेत का?

डोळ्याला शंका आली पण खात्री होत नसेल, तर Details मध्ये जाऊन Structure पूर्ण वाढवून पाहावे. ठिगळाच्या कडा आणि गुळगुळीत पट्टे त्यात उघडे पडतात. पाहून झाले की हा बदल लागू न करता फुलीने रद्द करायचा. मोठी प्रत छापायची असेल तर ही तपासणी टाळू नये. पाच इंचांच्या पडद्यावर लपलेले ठिगळ दीड फुटांच्या चौकटीत लपत नाही.

आणि काय पुसू नये?

तंत्राइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोपऱ्यातली तारीख दिसायला ओंगळ असली तरी ती घरातल्या फोटोची एकमेव नोंद असू शकते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असे किंवा त्याचा सेल संपलेला असे, त्यामुळे ती तारीख दर वेळी खरी असतेच असे नाही. पण चुकीची तारीखसुद्धा त्याच रिळातल्या इतर फोटोंशी ताडून पाहता येते. पुसलेली तारीख ताडता येत नाही. फोनने घेतलेल्या नव्या प्रतीला तर आजची तारीख चिकटते. म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी, पुसलेली प्रत Export करून दुसरी करावी आणि तारीख फाइलच्या नावात लिहावी. उदाहरणार्थ:

```
1998-05-17_aaji_ota.jpg
```

वर्ष आधी लिहिले की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

दुसरी गोष्ट दुसऱ्याच्या नावाची. फोटोच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचे किंवा स्टुडिओचे नाव असते, ती सजावट नव्हे. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ब जोडले गेले. हक्कधारकाची ओळख सांगणारी अशी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा त्यानुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे. लग्नाच्या अल्बममधला फोटो नाव न येता हवा असेल तर छायाचित्रकाराकडे तशी प्रत मागावी. बहुतेक वेळा एका फोनवर काम होते.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. गुणपत्रिका, पावती, भाडेकरार, वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्या फोटोतला एखादा आकडा किंवा नाव पुसून ती प्रत खरी म्हणून पुढे करणे ही बनावट कागदपत्राची वाट आहे, मग वापरलेले अ‍ॅप मोफत असो वा महागडे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीचाही समावेश आहे. आणि वर सांगितलेल्या तीन खुणा ज्या आपल्याला दिसतात, त्या तपासणाऱ्यालाही दिसतात. कागदाचा रवा हरवलेला चौकोन कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. मोफत अ‍ॅपमुळे जुने फोटो उजळण्याचे काम स्टुडिओच्या खर्चाशिवाय घरच्या घरी होऊ लागले, हे चांगलेच झाले. पण ‘एका स्पर्शात गायब’ ही भाषा लोकांच्या मनात चुकीची अपेक्षा तयार करते. खाली काहीतरी आहे आणि अ‍ॅप ते बाहेर काढते, असा समज त्यातून होतो. आता अनेक फोनच्या गॅलरीतही पुसण्याची सोय येऊ लागली आहे. तिचे ठिगळ अधिक सफाईदार असेल, पण तेही ठिगळच. जे फोटोत उरलेच नाही ते कोणतेही अ‍ॅप परत आणू शकत नाही, ते फक्त शोभेल असे काहीतरी तिथे ठेवू शकते.

आपल्या उदाहरणातल्या फोटोचा हिशेब असा. '98 एका फटक्यात गेले, 5 साठी तीन फटके आणि काही मागेपुढे लागले, 17 करडे करून काठावर ठेवले. मूळ प्रत तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये गेली. भिंतीवरच्या चौकटीत नजर आता आजीच्या चेहऱ्याकडे जाते. जवळ जाऊन पाहणाऱ्याला काठावर फिकट 17 दिसेल. तेवढे दिसायला हरकत नाही.